चिठ्ठीवर गुण नाहीत, म्हणून ती चाचणीच नाही?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शिकवणे चालू असतानाच करायच्या आकारिक मूल्यमापनावरचा कालच्या अंकातला लेख दोनदा वाचला. रात्रीच लिहायला बसणार होते, पण रागात लिहू नये म्हणून थांबले. सकाळी पुन्हा वाचला तरी माझे मत तेच राहिले, म्हणून हे पत्र.

आकारिकचे गुण शिक्षक मनाने भरतात, तेव्हा ते बंद करा, दर महिन्याला वेळापत्रक लावून वीस गुणांची लेखी चाचणी घ्या आणि तिची सरासरी धरा, असे लेखकांनी सुचवले आहे. त्यांच्या तक्रारीशी माझे भांडण नाही. प्रगतिपत्रके भरायच्या आधीच्या आठवड्यात नोंदवह्या कशा 'पूर्ण' होतात, हे प्रत्येक शिक्षकखोलीला ठाऊक आहे. भांडण आहे ते उपायाशी. वेळापत्रक लावून घेतलेली, गुण देऊन कपाटात ठेवलेली चाचणी वीस गुणांची असो की पन्नासची, ती संकलितच, म्हणजे शेवटी कोण किती शिकले ते मोजणारी. महिन्या-महिन्याला घेतल्याने ती आकारिक होत नाही. मुलाच्या उत्तरावरून दुसऱ्या दिवशीचा तास बदलला, तरच ती आकारिक.

हे मी पुस्तकी बोलत नाही. सहावीला गणित शिकवते आणि याच मुद्द्यावर तपासणीत शेरा खाल्लेला आहे. तोच प्रसंग सांगते.

दशांश अपूर्णांकांचा पाठ सुरू होऊन दोन-तीन तास झाले की मी मुलांना वहीच्या पानाची चिठ्ठी फाडायला लावते आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिते : ०.४, ०.६२ आणि ०.३७५ यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती, आणि का? पाच मिनिटांत चिठ्ठ्या गोळा. गुण नाहीत, पूर्वसूचना नाही. घरी नेऊन मी त्यांचे तीन गठ्ठे करते.

पहिल्या गठ्ठ्यातली मुले ०.३७५ लिहितात. दशांश चिन्हापुढचे आकडे ती साध्या संख्येसारखे वाचतात. एका मुलीला विचारले, तर म्हणाली, "मॅडम, इथं तीनशे पंच्याहत्तर हाय ना, अन् तिथं फक्त चार." ही समजूत तिने हवेतून आणलेली नाही. गोकुळपेठच्या बाजारात आईबरोबर गेली की इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.३७५ दिसते आणि भाजीवाला "पावणेचारशे ग्राम" म्हणतो. काटा नेहमी तीन स्थळे दाखवतो, चारशे ग्रामला ०.४०० दाखवतो, त्यामुळे तिथे तिचा हिशेब कधीच चुकत नाही. पैशांचेही तसेच. १२.५० म्हणजे बारा रुपये पन्नास पैसे, चिन्हाच्या अलीकडे एक संख्या आणि पलीकडे दुसरी. पैशांतही पुढे कायम दोनच आकडे असतात, म्हणून तिथेही चूक उघडी पडत नाही.

दुसऱ्या गठ्ठ्यातली मुले ०.४ लिहितात. त्यांना दशांशापेक्षा शतांश लहान आणि शतांशापेक्षा सहस्रांश लहान, हे पक्के आठवते. पण त्यावरून ती अशी समजूत करून घेतात की ज्या संख्येत सहस्रांश आले ती संख्याच लहान, आणि जितके आकडे कमी तितकी संख्या मोठी. तिसरा गठ्ठा ०.६२ वाल्यांचा. त्यातही 'का?' याचे उत्तर वाचावे लागते, कारण काहींनी शेजारच्याची चिठ्ठी पाहिलेली असते.

आता लेखकांच्या वीस गुणांच्या चाचणीत हाच घटक कसा येईल ते सांगते. 'चढत्या क्रमाने लावा : ३.२५, ३.०८, ३.४७.' तिन्हींत चिन्हापुढे दोनच आकडे. पहिल्या गठ्ठ्यातली सगळी मुले हे बिनचूक सोडवतात आणि पूर्ण गुण घेतात. किंवा येईल, '०.५, ०.२५, ०.१२५ यांतली मोठी संख्या कोणती?' इथे दुसऱ्या गठ्ठ्यातली मुले ०.५ लिहितात. उत्तर बरोबर, विचार साफ चुकलेला, गुण पूर्ण. अशी मुले वर्षभर चांगले गुण मिळवतात आणि पुढे शेकडेवारीला अडखळतात. मग पुढचे शिक्षक म्हणतात, पाया कच्चा आहे.

संकलितची प्रश्नपत्रिका वाईट असते, असे मला म्हणायचे नाही. तिचे काम वेगळे आहे. प्रश्नपत्रिकेचा आराखडा म्हणजे संविधान तक्ता करून सगळ्या घटकांना भार वाटून द्यायचा, म्हणजे दशांशाच्या वाट्याला दोन-चार गुण येणार. तेवढ्यात मूल कुठे चुकले ते शोधता येत नाही, आणि शोधले तरी तोवर तो पाठ मागे पडलेला असतो. सत्राअखेर कोण कुठवर पोचले हे सांगणे एवढेच तिच्याकडून मागावे.

चिठ्ठ्यांनंतरचा तास कसा बदलतो, हे लेखकांनी एकदा बघायला हवे होते. बरेच शिक्षक अशा वेळी शेवटी शून्ये जोडायला शिकवतात : ०.४००, ०.६२०, ०.३७५, आता तुलना करा. उत्तर लगेच बरोबर येते. पण पहिल्या गठ्ठ्यातली मुले मनातून तशीच राहतात, कारण आता ती चारशे, सहाशे वीस आणि तीनशे पंच्याहत्तर या साध्या संख्याच ताडून बघतात. माझ्या मते ही युक्ती आधी देऊ नये. मी शंभर चौकटींचा चौरस देते. ०.४ रंगवताना चार उभ्या पट्ट्या म्हणजे चाळीस चौकटी रंगवाव्या लागतात, ०.६२ साठी सहा पट्ट्या आणि वर दोन चौकटी. ०.३७५ ला सदतीस चौकटी आणि वर अर्धी, तेव्हा वर्गात गलका होतो. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांना याच चौरसावर दिसते की शतांश लहान असला तरी असे बासष्ट शतांश चार दशांशांपेक्षा जास्त भरतात. मग तिन्ही संख्या संख्यारेषेवर दाखवायच्या, आणि शून्ये जोडणे त्यानंतर.

दोन-तीन आठवड्यांनी, दुसरा पाठ चालू असताना, पुन्हा चिठ्ठी. प्रश्न मात्र वेगळा हवा, नाहीतर मुले आधीचे उत्तर आठवून लिहितात. मी विचारते, ०.६ आणि ०.७ यांच्यामध्ये एखादी संख्या आहे का? असेल तर लिहा. सहानंतर लगेच सात, मध्ये काही नाही, असे लिहिणारे मूल अजून पहिल्याच गठ्ठ्यात आहे हे कळते. त्याला मधल्या सुट्टीत जवळ बसवते.

आता शेरा. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी माझ्या आकारिक नोंदवहीतला 'चाचणी'चा रकाना पाहिला. चिठ्ठ्यांचे गठ्ठे मी समोर ठेवले. ते म्हणाले, "यावर गुण कुठं आहेत? वेळापत्रक कुठं आहे? हे चाचणीत धरता येणार नाही." आणि तसा शेरा मारून गेले. ज्या शासन निर्णयावर ही सगळी पद्धत उभी आहे, त्या २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयातच आकारिकमधली चाचणी वेळापत्रक जाहीर न करता, अनौपचारिकपणे, थोड्या वेळात घ्यावी असे म्हटले आहे. पुस्तक उघडे ठेवून घेतलेली चाचणीही त्यात बसते. मी निर्णयाची प्रत दाखवली. ती त्यांनी वाचली नाही. मुख्याध्यापकांनी मला जुन्या चिठ्ठ्यांवर गुण टाकायला लावले.

गुण टाकलेल्या चिठ्ठ्या मुलांना परत दिल्या, तेव्हा जे झाले त्याचा मला आजही संताप येतो. कुणीही मी लिहिलेली ओळ वाचली नाही. "तुला किती?" एवढेच चालले होते. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हेच दिसले होते. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांचे पुढचे काम सुधारले. शेऱ्याच्या जोडीला गुण मिळाले त्यांना शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही.

मग नोंदवहीत काय लिहायचे, असे लेखक विचारतील. सहावीला आकारिक ५० आणि संकलित ५० टक्के भार आहे, म्हणजे गुण द्यावेच लागतात आणि मी ते देते. पण पहिल्या चिठ्ठीचे नाही. पाठ पुरा झाल्यावर, दुरुस्तीनंतर मूल जिथे पोचले असेल तिथले गुण मी नोंदवते. जुलैत दहापैकी दोन आणि ऑगस्टमध्ये आठ मिळवणाऱ्या मुलाची सरासरी पाच येते. तो पाचावर जुलैत नव्हता आणि ऑगस्टमध्येही नाही. लेखकांची सरासरी त्या मुलाला शिकण्यापूर्वीच्या अज्ञानाचा दंड लावते.

आणि अशा चिठ्ठ्या दर पाठाला घ्यायच्या नसतात, तेवढा वेळ कोणाकडे नाही. वर्षाच्या सुरुवातीला पाठ्यपुस्तक समोर घेऊन बघायचे की कोणत्या पाठावर पुढचे दोन-तीन पाठ उभे आहेत. सममूल्य अपूर्णांक, दशांशाची स्थानिक किंमत, ऋण संख्यांची बेरीज, गुणोत्तर, अशा जागी चिठ्ठी. भौमितिक रचनेला चिठ्ठीऐवजी बाकांमधून फिरून कंपास धरलेला हात बघितला तरी पुरते. चिठ्ठीनंतरचा एक तास नियोजनात आधीच मोकळा सोडावा लागतो. तो सोडला नाही तर गठ्ठे कळूनही उपयोग नाही, कारण दुसऱ्या दिवशी पुढचा पाठ सुरू होतो. चिठ्ठीच्या प्रयोगाला अपयश येते ते बहुधा इथेच.

जाता जाता एक गोष्ट, जी लेखकांनी लिहायला हवी होती आणि लिहिली नाही. विदर्भात शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा सुरू होतात, आणि दुसरी संकलित चाचणी मात्र एप्रिलच्या उन्हात ओढत नेतात. पत्र्याच्या वर्गात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे मुलाने लिहिलेल्या उत्तरावरून त्याची समज ठरवायची. त्या उत्तरपत्रिका मुलाला पुन्हा दिसतही नाहीत. जूनअखेर सातवीच्या शिक्षकांच्या हाती 'ब-२' एवढी श्रेणी येते. तिच्यासोबत प्रत्येक मुलामागे एक ओळ, हे मूल दशांशात कोणत्या गठ्ठ्यात होते, एवढी जरी पुढे पाठवण्याची सक्ती झाली तरी मी ती आनंदाने पाळीन. लेखकांनी पुढचा लेख या मागणीवर लिहावा, ही विनंती.

आपली,
सहावीची एक गणित शिक्षिका,
नागपूर