कुत्र्याचं भांडं स्वयंपाकघरात नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतला पाळीव प्राण्यांवरचा लेख वाचला. मांजराने ओट्यावर चढू नये म्हणून काय करावं, हे त्यात सविस्तर आहे. पण प्राण्याच्या जेवणाच्या भांड्याबद्दल एक ओळही नाही. मी सूक्ष्मजीव तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून अनेक वर्षं काम केलं, आणि माझ्या मते खरा धोका त्या भांड्यापाशी आहे.

माझी नात दहा महिन्यांची असताना तिला ताप आला आणि रक्त पडणारे जुलाब सुरू झाले. शौचाच्या तपासणीत साल्मोनेला हा जंतू निघाला. घरात दुसरं कुणी आजारी नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘कुत्र्याला खायला कुठे देता?’’ कुत्र्याचं भांडं ओट्याखाली होतं आणि नात दिवसभर तिथेच रांगायची. कुत्र्याच्या कोरड्या खाद्याच्या दाण्यांची पिशवीही तिच्या हाताला येईल अशी ठेवलेली. कुत्रा अगदी ठणठणीत होता, पण त्यावरून काही ठरत नाही. प्राण्याला स्वतःला काहीही न होता त्याच्या विष्ठेतून हे जंतू बाहेर पडत राहू शकतात.

कोरडे दाणे पाहून ते निर्धोक वाटतात. कारखान्यातल्या उष्णतेने जंतू मरतात हे खरं, पण नंतर वरून चरबी आणि चव लावताना ते पुन्हा शिरू शकतात. कोरड्या दाण्यांत साल्मोनेला वाढत नसला तरी महिनोन्‌महिने तग धरतो आणि भांड्यात लाळेचा ओलावा मिळाला की वाढू लागतो. अमेरिकेत २००६ ते २००८ या काळात कोरड्या खाद्यातून पसरलेल्या साल्मोनेलाचे ७९ रुग्ण सापडले. त्यांतले जवळपास निम्मे दोन वर्षांचे किंवा त्याहून लहान होते. प्राण्याला स्वयंपाकघरातच खायला देण्याचा या आजाराशी संबंध असल्याचं त्या तपासात दिसलं.

भांडं नुसतं विसळून पुन्हा भरण्याची सवय अनेक घरांत आहे. विसळलेल्या भांड्याच्या आतून बोट फिरवून पाहा. बोट घसरलं, बुळबुळीत लागलं, तर तो लाळ आणि जंतूंचा मिळून बनलेला थर आहे. त्यावर थेट जंतुनाशक ओतलं तरी ते आतपर्यंत पोचत नाही, म्हणून आधी तो थर घासून काढावा लागतो. पाण्याच्या भांड्याचंही तेच.

नातीच्या आजारानंतर आमच्या घरी असं चालतं. उरलेलं खाद्य आधी कचऱ्यात जातं; ओलं खाद्य दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देत नाही. मग भांडं गरम पाणी आणि साबणाने घासतो. त्यासाठीची घासणी वेगळ्या रंगाची आहे आणि ती आमच्या भांड्यांना लागत नाही. हे धुणं बाथरूममध्ये होतं. ज्या घरी स्वयंपाकघरातल्या सिंकशिवाय सोय नाही, त्यांनी नंतर सिंक साबणाने धुऊन जंतुनाशकाने पुसावं. शेवटी भांड्यावर उकळतं पाणी ओतून ते पालथं घालतो आणि पूर्ण वाळू देतो. भांडं स्टीलचं घेतलंय, कारण प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि घासणी त्यांच्या आत पोचत नाही. दाणे काढायला वेगळा डाव आहे, कुत्र्याचं भांडं पिशवीत बुडवत नाही. हे सगळं झालं की हात साबणाने वीस सेकंद धुतो. हात धुण्याचाच सगळ्यांना विसर पडतो.

दाणे डब्यात ओतून पिशवी फेकून देऊ नये, अशीही विनंती आहे. एखादा माल दूषित निघाला आणि कंपनीने परत मागवला, तर आपल्याकडचा तोच आहे की नाही हे पिशवीवरच्या बॅच क्रमांकावरूनच कळतं. पिशवीसकट डब्यात ठेवणं उत्तम.

मांजराच्या ओट्यावर चढण्याबद्दल थोडंसं. तिचे पाय तिच्या विष्ठेसाठी ठेवलेल्या मातीतून आलेले असतात, त्यामुळे ओटा स्वयंपाकाच्या आधी साबणाने धुऊन मगच त्यावर काही चिरावं. ती माती रोज काढून टाकावी. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगी व्हायला किमान एक दिवस जातो, म्हणून रोजच्या सफाईचा उपयोग होतो. घरात गर्भवती असेल तर हे काम दुसऱ्या कुणी करावं. या अंड्यांवर ब्लीचचा भरवसा नसतो. ती माती ज्यात ठेवतो ते भांडं उकळत्या पाण्याने धुवावं.

नात आता चालते. कुत्र्याचं भांडं गॅलरीत गेलंय आणि त्याचं खाणं होऊन भांडं उचलेपर्यंत गॅलरीचं दार बंद असतं. पुढच्या पुरवणीत भांड्यांच्या सफाईवर सविस्तर लिहावं, विशेषतः रांगतं मूल असलेल्या घरांसाठी.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ