रक्तदाबाच्या गोळीआधीचे प्रश्न: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

हृदयविकाराबद्दलच्या आपल्या खात्याच्या जाहिराती माणसाच्या सवयींशीच बोलतात: तंबाखू सोडा, मीठ कमी करा, रोज चाला. सल्ला योग्यच आहे. पण आजाराचं खापर एकट्या सवयींवर फोडता येत नाही, हे ज्या अभ्यासातून कळलं तो आपल्यासारख्यांच्या कचेऱ्यांतच झाला होता.

१९६७ मध्ये लंडनमधल्या सरकारी नोकरांवर व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. त्यात सुमारे १८ हजार पुरुष होते. कुणी बेकार नव्हता, बहुतेकांचं काम टेबलाशी बसून होतं आणि सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांसाठी होती. तरी दहा वर्षांनी पाहिलं, तर सर्वांत खालच्या श्रेणीत, म्हणजे शिपायांमध्ये, हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. मला त्याहून बोचते ती मधल्या लोकांची गोष्ट. दुसऱ्या पायरीवरचे, चांगल्या पगाराचे अधिकारीही पहिल्या पायरीपेक्षा जास्त मरत होते आणि कारकून त्यांच्याहून जास्त. गरीब एकीकडे आणि बाकी सगळे सुरक्षित, असं चित्र नव्हतंच. वरपासून खालपर्यंत उतरंड होती.

खालच्या श्रेणीत धूम्रपान जास्त होतं, हे खरं. पण धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही ही दरी फार तर एक-तृतीयांशाने कमी झाली. आपले सल्लागार म्हणतील, आजारी माणूसच बढतीत मागे पडतो, म्हणून खाली आजार जास्त दिसतो. शंका रास्त आहे. म्हणूनच अशा अभ्यासात सुरुवातीलाच श्रेणी नोंदवून पुढे वर्षानुवर्षं माणसांवर लक्ष ठेवतात. मागे पडण्याचा परिणाम थोडाफार असतो, पण उतरंडीचं सगळं उत्तर त्यात मिळत नाही.

१९८५ मध्ये लंडनच्याच सरकारी कचेऱ्यांत सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात १०,३०८ कर्मचारी होते, त्यांतल्या साधारण एक-तृतीयांश स्त्रिया. आपल्या कामाचा वेग, क्रम आणि पद्धत ठरवण्याचा अधिकार माणसाला किती, हे त्यात मोजलं गेलं. हा ताबा ज्यांच्या हाती कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त, आणि श्रेणींमधल्या फरकाचा मोठा भाग या एका गोष्टीशी जोडलेला निघाला. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक पदर उलगडला. घरातल्या गोष्टींवर आपला फारसा ताबा नाही असं सांगणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकार जास्त आढळला. पुरुषांत हा संबंध दिसला नाही. अर्थात, हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे, त्यामुळे प्रत्येक धागा कारणाचाच आहे असा दावा मी करणार नाही. पण फक्त नोकरीवरून स्त्रीचा वर्ग ठरवला, तर तिच्या दिवसाचा अर्धा भाग कागदावर येतच नाही, एवढं नक्की.

आता एकच चिठ्ठी दोन हातांत देऊन पाहू. रक्तदाब तोच, गोळी तीच, सल्ला तोच: रोज चाला, पुरेशी झोप घ्या, महिन्याने या. अधिकारी पुरुष मीटिंग पुढे ढकलून तपासणीला येतो. कंत्राटी सफाई कामगार बाईच्या कामाच्या वेळेतच ओपीडी असते, म्हणून तिचा खाडा होतो आणि त्या दिवसाची मजुरी कापली जाते. कामावरून घरी आल्यावर स्वयंपाक, मुलं आणि अंथरुणाला खिळलेलं माणूस तिची वाट पाहत असतं; झोपेचे तास तिच्या हातात नसतात. गोळ्या संपल्या तर पैसे कुणाकडे मागायचे, हा वेगळाच प्रश्न. तीन महिन्यांनी तिच्या केसपेपरवर शेरा पडतो: ‘रुग्ण उपचारात नियमित नाही.’ शेरा लिहिणाऱ्याचा दोष नाही. त्या कागदावर कारणासाठी रकानाच नाही.

म्हणून माझं पहिलं मागणं या कागदाबद्दल आहे. आपलं खातं आकडे स्त्री-पुरुष असे वेगळे देतं, कधी उत्पन्नगटानुसार देतं. दोन्ही एकत्र करून द्या: कष्टकरी स्त्रिया, कष्टकरी पुरुष, वरच्या वर्गातल्या स्त्रिया, वरच्या वर्गातले पुरुष. स्त्रीच्या बाबतीत तिचं काम, घराची आर्थिक स्थिती आणि बिनपगारी देखभालीचे तास, तिन्ही नोंदवा. नाहीतर सरासरी सुधारताना दिसेल आणि तिच्या आड दरी रुंदावत जाईल. नवी सोय ज्यांना वेळ आणि पैसा परवडतो त्यांच्याकडे आधी पोहोचते, हे अनेक कार्यक्रमांत दिसलं आहे.

दुसरं काम आपल्या खात्याच्या आवाक्यातलं आहे: संध्याकाळची ओपीडी सुरू करा आणि स्थिर रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या.

तिसऱ्यासाठी मात्र आपल्याला कामगार खात्याच्या दारात जावं लागेल. तपासणीसाठी पगारी रजा आणि पाळ्यांचं वेळापत्रक आधी कळण्याचा हक्क, हे निर्णय तिथे होतात. सुरुवात आपल्याच रुग्णालयांतल्या कंत्राटी सफाई कामगारांपासून करता येईल. त्यांचं कंत्राट आपल्याच खात्याच्या सहीने निघतं.

आपली,
सार्वजनिक आरोग्याची एक अभ्यासक