बाळाने ऊन दूध घेतले

महोदय,

आजी आपल्या आईला मोडीत पत्रे लिहायची. त्यांतली ११ पत्रे ट्रंकेत सापडली. शाई पुसट, तपकिरी झालेली आणि घरात मोडी येणारे कोणीच नाही. मोडी शिकलेल्या एका स्वयंसेविकेने ती चार महिने खपून देवनागरीत उतरवून दिली. एक पैसाही घेतला नाही. त्यांचे आभार मानायला हे पत्र.

खिडकीच्या तिरप्या उजेडात कागद धरला की टाकाने उमटलेली खोच दिसते, हे त्यांनीच दाखवले. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा नसतो. एका ओळीत आम्ही ‘बाळा नेऊन दूध’ असे जुळवत बसलो होतो. त्यांनी आईला फोन करून बाळ कोण, ते विचारले. बाळ म्हणजे थोरला मामा, तेव्हा तापाने आजारी. ओळ होती, ‘बाळाने ऊन दूध घेतले’. आई कितीतरी वेळ बोललीच नाही.

पत्रावर शके १८७१, माघ होते. आम्ही ७८ मिळवून १९४९ धरले होते. माघ इंग्रजी वर्ष बदलल्यावर येतो म्हणून त्यांनी १९५० केले. घडीवर झिजलेली अक्षरे मात्र अंदाजाने भरली नाहीत, तिथे चौकटी कंसात टिंबे ठेवली. आजीच्या तोंडी आपले शब्द घातले नाहीत, याचे आम्हाला फार मोल आहे.

ताई, पाचव्या पत्रातली ‘धाकटी’ कोण, ते आता कळले. ती आमची आई.

– एक कृतज्ञ कुटुंब, सातारा