सुडोकूला उत्तर एकच असतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या सुडोकूबद्दलचा आपला दोन ओळींचा खुलासा कालच्या अंकात वाचला. ‘काही कोड्यांची एकापेक्षा अधिक उत्तरे संभवतात, तरी वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये’ असं आपण म्हणता. गैरसमज वाचकांचा नाही. दोन उत्तरं निघणारं सुडोकू हे सुडोकूच नव्हे. ते चुकलेलं कोडं आहे, आणि ते नेमकं कुठे चुकलं हे छापलेल्या अंकांवरूनच सांगता येतं. ते सांगावं म्हणून हे पत्र.

ज्यांनी रविवारचं कोडं सोडवलं त्यांची शेवटी चार घरं उरली असतील: चौथ्या ओळीतलं दुसरं आणि सातवं घर, सहाव्या ओळीतलं दुसरं आणि सातवं घर. चारही घरांत फक्त ३ किंवा ८ बसतो. सोमवारी आपण छापलेल्या उत्तरात चौथ्या ओळीत आधी ३ मग ८, आणि सहाव्या ओळीत आधी ८ मग ३ आहे. आता हे चार अंक उलटे करून पाहा. चौथ्या ओळीत ३ आणि ८ एकेकदाच राहतात, सहाव्या ओळीतही तसंच. दुसऱ्या आणि सातव्या रकान्यातही काही बिघडत नाही. दुसऱ्या रकान्यातली दोन्ही घरं डावीकडच्या मधल्या चौकटीत आहेत आणि सातव्या रकान्यातली दोन्ही उजवीकडच्या मधल्या चौकटीत, म्हणून चौकटींचंही काही अडत नाही. ज्या वाचकांनी आपल्याला फोन केले त्यांचं उत्तर तंतोतंत बरोबर होतं. त्यांना ‘पुन्हा तपासा’ असं सांगितलं गेलं, याचा मला जास्त राग आहे. शेवटच्या चार घरांसाठी लोकांनी सगळं खोडून पुन्हा पहिल्यापासून मांडलं.

वाचकांनीही ही खूण लक्षात ठेवावी. दोन ओळी, दोन रकाने आणि दोनच चौकटी यांत मिळून चार घरं उरली आणि चारही घरांत तीच जोडी असेल, तर चूक तुमची नाही, कोड्याची आहे. मात्र ती चार घरं चार वेगवेगळ्या चौकटींत असतील तर हा नियम लागू नाही. तिथे अदलाबदल केली की एखाद्या चौकटीत ८ दोनदा येईल, म्हणजे उत्तर एकच आहे आणि वाट अजून शोधायची आहे.

हे घडलं कसं? रविवारच्या कोड्यात दिलेले अंक मोजले तर २५ भरतात. दिलेल्या अंकांची मांडणी पाहा. अंक १८० अंशांत फिरवले तरी जागा त्याच राहतात, फक्त एका ठिकाणी मोडते. जपानच्या निकोली या प्रकाशनसंस्थेने १९८६ मध्ये ही सममितीची पद्धत रूढ केली, आणि आपल्याकडे येणारी कोडीही तशीच असतात. या मांडणीत मधलं घर रिकामं असेल तर दिलेल्या अंकांची संख्या समच यायला हवी, कारण प्रत्येक अंकाला समोरचा जोडीदार असतो. २५ ही संख्या विषम आहे आणि मधलं घर तर रिकामं आहे. मग एकेक जोडी जुळवत गेलं की सापडतं: सहाव्या ओळीतल्या आठव्या घरात ५ छापला आहे, पण त्याचा जोडीदार असलेलं चौथ्या ओळीतलं दुसरं घर रिकामं आहे. त्या घरात ३ होता. कोडं करणाऱ्याने दिलेला हा ३ पान लावताना गळला. तो एक अंक असता तर त्या चारही घरांचा निकाल लागला असता आणि उत्तर एकच राहिलं असतं. म्हणजे कोडं करणाऱ्याची चूक नव्हतीच, आणि आपल्या खुलाशाने दोष नाहक त्याच्या माथी आला.

‘कोडी संगणकावर तयार होतात, त्यामुळे चुकीला वाव नाही’ हेही त्याच खुलाशात होतं. संगणक कोडं कसं करतो ते आधी पाहू. पूर्ण भरलेल्या ८१ घरांपासून सुरुवात होते. समोरासमोरच्या घरांच्या ४० जोड्या आणि मधलं एक घर, अशा ४१ वस्तू कशाही क्रमाने घ्यायच्या. एक जोडी काढायची आणि उरलेल्या अंकांवरून किती उत्तरं निघतात ते पाहायचं. एकच निघालं तर जोडी गेली. दोन निघाली तर जोडी परत ठेवायची आणि पुन्हा तिला हात लावायचा नाही, कारण पुढे आणखी अंक काढल्यावर उत्तरं वाढू शकतात, कमी होत नाहीत. त्यामुळे ४१ तपासण्यांत काम संपतं आणि साधारण २४ ते २८ अंकांचं कोडं हाती येतं.

यात घात होतो तो तपासणीत. पुष्कळ जण कोडं सोडवणारा प्रोग्रॅम चालवतात, त्याला उत्तर मिळालं की समाधान मानतात. पण तो पहिल्याच उत्तरावर थांबतो. एक उत्तर सापडलं म्हणजे एकच उत्तर आहे, असं होत नाही. पहिलं सापडल्यावरही शोध चालू ठेवायला हवा, आणि दुसरं सापडलं किंवा सगळ्या शक्यता संपल्या की मगच थांबायचं. तिसऱ्याची गरज नाही. ज्याच्याकडे असा प्रोग्रॅम नाही त्याच्यासाठी सोपी युक्ती आहे. रिकाम्या घरात अंक टाकून पाहताना एकदा १ पासून ९ पर्यंत चढत्या क्रमाने पाहायचं आणि एकदा ९ पासून १ पर्यंत उतरत्या. घरांचा क्रम दोन्ही वेळा एकच ठेवायचा. दोन्हीकडून तेच उत्तर आलं तर ते एकमेव आहे, कारण चढत्या क्रमाने पहिलं उत्तर मिळतं आणि उतरत्या क्रमाने शेवटचं. रविवारच्या कोड्यात चौथ्या ओळीच्या दुसऱ्या घरात चढत्या क्रमाने ३ आला असता आणि उतरत्या क्रमाने ८. दोष तिथेच उघडा पडला असता.

पण ही तपासणी पान लावल्यानंतर, छापायला जाणाऱ्या पानावरून अंक पुन्हा टाइप करून व्हायला हवी. मूळ फाइलमधलं कोडं निर्दोष असून उपयोग काय? वाचकाच्या हातात फाइल येत नाही, पान येतं. दिलेले अंक भरपूर असले म्हणून निर्धास्त राहू नये, हेही सांगून ठेवतो. रविवारच्या उत्तरातली ती चार घरं सोडून बाकी सगळे ७७ अंक छापले असते, तरी उत्तरं दोनच निघाली असती. उलट १७ अंकांवरून एकमेव उत्तर निघणारी हजारो कोडी आहेत. १६ अंकांचं एकही नाही, हे डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर यांच्या गटाने २०१२ मध्ये संगणकावर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं.

यावरूनच दुसरं म्हणणं निघतं, ते चांदण्यांबद्दल. आपल्या सदरात ३२ किंवा त्याहून जास्त अंक असले की एक चांदणी, २६ च्या आसपास असले की चार, असा हिशेब गेले कित्येक महिने दिसतो. हा हिशेब चुकीचा आहे. १७ अंकांची कितीतरी कोडी ‘या चौकटीत ७ ला एकच जागा उरली’ एवढ्याच विचाराने शेवटपर्यंत सुटतात. कोडं किती कठीण आहे हे ठरतं ते सोडवताना कोणता विचार करावा लागतो यावर, आणि अडल्यावर पुढे जायला किती वाटा उघड्या असतात यावर.

मागच्या आठवड्यातली दोन कोडी घ्या. मंगळवारी चार चांदण्या होत्या, अंक २६. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत चौकटीतली एकमेव जागा शोधत सुटतं, आणि बहुतेक वेळा अशा तीन-चार जागा एकदम उघड्या असतात. शुक्रवारी एक चांदणी, अंक ३२. त्यात निम्मं कोडं झाल्यावर सगळं थांबतं. तिथे ६ कडे पाहावं लागतं. दुसऱ्या ओळीत ६ ला दोनच जागा, तिसऱ्या आणि आठव्या रकान्यात. सातव्या ओळीतही ६ ला दोनच जागा, त्याच दोन रकान्यांत. म्हणजे दुसऱ्या ओळीतला ६ तिसऱ्या रकान्यात गेला तर सातव्या ओळीतला आठव्यात जाणार, नाहीतर उलट. काहीही झालं तरी या दोन्ही रकान्यांचे ६ याच दोन ओळींत संपले. म्हणून त्या रकान्यांतल्या बाकी सगळ्या घरांतून ६ खोडायचा, आणि मग पाचव्या ओळीच्या तिसऱ्या घरात ४ एकटा उरतो. याला एक्स-विंग म्हणतात. त्या क्षणी दुसरी कोणतीही वाट उघडी नाही. नुकतंच सुडोकू शिकलेल्या मुलांनी एक चांदणी बघून हे कोडं घेतलं असेल आणि आपल्याला जमत नाही म्हणून सोडून दिलं असेल.

चांदण्या द्यायच्या तर माणसासारखं सोडवून द्याव्यात. युक्त्यांची चढती यादी ठेवायची: आधी चौकटीतली एकमेव जागा, मग ओळीतली किंवा रकान्यातली, मग एकच अंक बसणारं घर, मग जोड्या, त्यानंतर एक्स-विंग आणि पुढचं. दर पायरीला यादीच्या वरूनच सुरुवात करायची आणि एक जरी अंक बसला किंवा खोडला तरी पुन्हा वर यायचं. शेवटी सगळ्यात अवघड कोणती युक्ती लागली, ती किती वेळा लागली आणि सगळ्यात अरुंद जागी किती वाटा होत्या, हे तीन आकडे पाहून चांदणी ठरवायची. वरून सुरुवात केली नाही तर प्रोग्रॅम सोप्या जागीही अवघड युक्ती वापरतो आणि साधं कोडं चार चांदण्यांचं होऊन बसतं.

जाता जाता आणखी एक. आपलं सुडोकू पाच सेंटिमीटर रुंद छापतात. म्हणजे एक घर साडेपाच मिलिमीटरचं. एका चांदणीच्या कोड्याला ते चालतं, कारण तिथे घरात फक्त उत्तर लिहायचं असतं. कठीण कोड्यात प्रत्येक घरात बारीक अक्षरात तीन-चार शक्यता लिहून ठेवाव्या लागतात, आणि वर निम्म्या चौकटींना करडा रंग दिलेला, त्यावर पेन्सिल दिसतच नाही. तीन आणि चार चांदण्यांची कोडी किमान आठ सेंटिमीटर रुंद आणि पांढऱ्या कागदावर छापा. जागा नसेल तर त्या दिवशी शेजारचं राशिभविष्य एक दिवस वगळा.

रविवारचं कोडं चौथ्या ओळीतल्या दुसऱ्या घरात ३ घालून या रविवारी पुन्हा छापावं, आणि ज्यांना ‘पुन्हा तपासा’ म्हणून सांगितलं त्यांचं उत्तर बरोबर होतं असं त्याच्याखाली लिहावं, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
एरंडवणे, पुणे ४