दुसरी फाउंड्री

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

पंपाच्या बॉडीसाठी आपल्या कोल्हापूरच्या फाउंड्रीपेक्षा बेळगावची फाउंड्री किलोमागे दोन रुपये स्वस्त पडते, तिलाच दुसरा व्हेंडर करू, असं काल फोनवर म्हणालीस. दर पाहिलास, रस्ता नाही पाहिलास. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि कित्येक दिवस गाड्या अडकल्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. कोल्हापूरचा माल अडकला की बेळगावचाही त्याच्या मागे अडकणार. भोसरीला यायचा रस्ता तोच!

तसं पुरासाठी दुसरा व्हेंडर लागतच नाही. महिन्याच्या ४०० बॉडी, नऊ किलोची एक, १०५ रुपये किलो, म्हणजे पावणेचार लाखांचा माल. तो मे महिन्यातच आणून शेडमध्ये रचून ठेव. वरवरचा गंज मशिनिंगमध्ये निघून जातो. वर्षभर तेवढा साठा ठेवलास तरी बँकेचं व्याज पंचेचाळीस हजारांच्या आसपास.

खरी भीती वेगळी आहे. कोल्हापूरवाल्यांच्या ट्रॅक्टरवाल्या गिऱ्हाइकाची ऑर्डर वाढली की आपली बॉडी मागे पडते. चार आठवड्यांचा माल दोनदा नऊ आठवड्यांनी आला. त्याला महिन्याचा साठा पुरत नाही. म्हणून दुसरी फाउंड्री हवी, पण ती साताऱ्याची नाहीतर इथलीच. किलोमागे सात रुपये महाग पडली तरी चालेल. महिन्याला १०० बॉडी तिला दे, वर्षाला पाऊण लाख जास्त जातील. त्याहून कमी दिलंस तर आपला पॅटर्न त्यांच्या रॅकवर धूळ खात पडेल आणि अडीअडचणीला तेही रांगेतच उभं करतील.

आता पॅटर्नचं. मी एकदा ड्रॉइंग देऊन नवा पॅटर्न करून घेतला होता. पहिल्या लॉटला हायड्रो टेस्टमध्ये एका बाजूने पाणी पाझरायला लागलं. बॉडी कापली तर भिंत एकीकडे नऊ मिलीमीटर, समोर पाच, ड्रॉइंगमध्ये सात. ओतताना कोअर सरकत होता. जुन्या पॅटर्नवर कोल्हापूरच्या मिस्त्रीने कधीतरी कोअरप्रिंट लांब करून घेतली होती, ती ड्रॉइंगमध्ये कुणी चढवलीच नव्हती. तेव्हा ड्रॉइंग पाठवू नकोस. आधी जुना पॅटर्न आणि कोअरबॉक्स मापून घे, मग नवा कर. पॅटर्न आपल्या मालकीचा आहे, हे चलनावर लिहून दोन्हीकडून सही घे.

आणि कोल्हापूरवाल्यांना तूच फोन करून सांग. बाहेरून कळलं तर मनात धरतील.

नव्या फाउंड्रीच्या पहिल्या पाच बॉडी आपल्याच फिक्स्चरवर लावून पाहा. एक उभी कापून ठेव. मी मंगळवारी येतोय, कॅलिपर घेऊन बसू.

तुझे,
बाबा