इंग्लंडात आधी दावा लागला म्हणून बेळगावचा थांबत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कायदेविषयक सदरात एका निर्यातदाराला नुकताच असा सल्ला दिला गेला की, परदेशी ग्राहकाने तिकडे आधी दावा लावला असेल तर इथल्या कोर्टात जाऊन उपयोग नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १० खाली आपला दावा थांबेल. हे चुकीचे आहे. उद्यमबागेतल्या एखाद्या कारखानदाराने त्यावर विसंबून हातपाय गाळू नयेत म्हणून लिहितो.

कलम १० सांगते की त्याच पक्षकारांमधला, त्याच मुद्द्यावरचा दावा आधीच दुसऱ्या सक्षम कोर्टात चालू असेल, तर नंतरचा थांबवावा. म्हणजे कोल्हापुरात आधी दावा लागला असेल तर बेळगावचा थांबेल. सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात असला तरी या कामापुरती दोन्ही गावे एकाच देशात आहेत! पण त्याच कलमाखालचे स्पष्टीकरण, जे बहुतेकजण वाचतच नाहीत, साफ म्हणते की परदेशी कोर्टात दावा चालू असल्याने भारतीय कोर्टाला तोच दावा चालवायला अडचण येत नाही.

उदाहरणच घेऊ. इथल्या फाउंड्रीने इंग्लंडच्या कंपनीला कास्टिंग पाठवले. कंपनीने माल सदोष ठरवून लंडनच्या हायकोर्टात नुकसानभरपाई मागितली. फाउंड्रीचे बिल थकले आहे, म्हणून तिने बेळगावात वसुलीचा दावा लावला. आता दोन्ही दावे समांतर चालू शकतात. मग मालकाच्या मनात येते की इथल्या कोर्टाकडून लंडनचा दावाच बंद पाडावा. असा मनाई हुकूम देता येतो, पण तो लंडनच्या न्यायाधीशावर नसतो. तो समोरच्या पक्षकारावर असतो, ‘तू तिकडचा दावा पुढे चालवू नकोस’ असा. म्हणून तो पक्षकार इथल्या कोर्टाच्या अधिकारकक्षेत असावा लागतो. ज्या कंपनीचे भारतात ना ऑफिस ना मालमत्ता, तिने हुकूम मोडला तर अवमानाची कारवाई कोणावर करणार?

दुसरी अडचण करारातच असते. मोदी एंटरटेनमेंट विरुद्ध डब्ल्यूएसजी क्रिकेट हा सुप्रीम कोर्टाचा २००३ चा निकाल या विषयातला पाया आहे. वाद २००० साली नैरोबीत झालेल्या आयसीसी क्रिकेट स्पर्धेच्या दूरदर्शनवरील प्रक्षेपण हक्कांचा होता. मोदींनी मुंबईत दावा लावला, सिंगापूरच्या कंपनीने इंग्लंडात. करारात इंग्लिश कोर्टांचा अधिकार मान्य केला होता, पण तो ‘अनन्य’ नव्हता, म्हणजे दुसरीकडे जायला बंदी नव्हती. मुंबई हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी इंग्लंडचा दावा चालवायला मनाई केली, खंडपीठाने ती उठवली आणि सुप्रीम कोर्टाने खंडपीठाचेच बरोबर ठरवले. जे कोर्ट तुम्ही स्वतः करारात मान्य केले, तिथे जाणे गैरसोयीचे, खर्चाचे आहे एवढ्यावर मनाई मिळत नाही. तिथला दावा निव्वळ छळासाठी आहे किंवा मनाई न दिल्यास अन्याय होईल, हे दाखवावे लागते. परदेशी कोर्टाचा मानही राखला जातो.

मग खरा प्रश्न आधी निकाल कुठे लागतो, हा उरतो. परदेशी निकाल कलम १३ मधल्या अपवादांत बसत नसेल, तर त्या मुद्द्यावर पक्षकारांना बंधनकारक ठरतो आणि इथला चालू दावा त्यावरच अडतो. शिवाय ब्रिटनशी आपली परस्पर व्यवस्था आहे. कलम ४४अ खाली लंडनच्या हायकोर्टाचा पैशाचा हुकूमनामा थेट बेळगावच्या जिल्हा न्यायालयात दरखास्तीला, म्हणजे अंमलबजावणीला, लावता येतो. जर्मनी किंवा अमेरिकेच्या निकालावर मात्र इथे नवा दावाच करावा लागतो.

म्हणून लंडनचे समन्स आल्यावर ‘आपला दावा इथे आहेच’ म्हणून ते खणात टाकणे सर्वांत वाईट. इंटरनॅशनल वूलन मिल्सच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये इंग्लंडचा एकतर्फी हुकूमनामा इथे वसूल होऊ दिला नाही, कारण तो पुरावा तपासून, गुणदोषांवर दिलेला नव्हता. त्या निकालाच्या भरवशावर गैरहजर राहू नये. समोरचा हुशार वकील एकतर्फी सुनावणीतही शपथपत्रे आणि तपासणी अहवाल दाखल करून गुणदोषांवरचा निकाल मिळवतो, आणि मग तो बचाव उरत नाही.

आपल्या सदराने निदान कलम १० चे ते स्पष्टीकरण छापून दुरुस्ती करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक व वकील,
शहापूर, बेळगाव