परांचीवरचं काम आजच थांबवा: कार्यकारी अभियंत्यांना खुले पत्र

माननीय कार्यकारी अभियंता साहेब,
सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावी रुग्णालयाच्या नव्या तीन मजली इमारतीला बाहेरून गिलावा चालू आहे. त्या कामाचा सल्लागार म्हणून माझी स्पष्ट शिफारस आहे: मागच्या बाजूच्या परांचीवरून सगळी माणसं खाली उतरवा आणि दुरुस्ती होईपर्यंत तिथलं काम लेखी आदेशानं बंद ठेवा. हे मी कार्यालयाला आधीही कळवलं होतं. दिवाळीपूर्वी रंग उरकायचा आहे, एवढंच उत्तर आलं. त्या परांचीवर चढणाऱ्या गवंड्यांना आणि तिच्याखालून जाणाऱ्या लोकांनाही हे कळायला हवं, म्हणून आता उघड लिहितो आहे.

मूळ दुखणं जमिनीत आहे. पायाचे खड्डे भरताना काढलेली काळी मातीच परत टाकली गेली, धुम्मस नीट झालं नाही, आणि त्या भरावावरच परांचीचे उभे पाईप रोवले. काही पाईपांखाली पत्र्याची बेस प्लेट आहे, बाकीच्यांखाली विटेचे तुकडे. परतीच्या पावसानंतर कोपऱ्यातला एक पाईप चांगला चार बोटं रुतलाय, त्याखालची वीट दुभंगलीय. वर पाहिलं की आडवा पाईप त्या बाजूला कललेला उघड दिसतो. उन्हाळ्यात ही माती दगडासारखी असते, म्हणून परांची बांधताना कुणाला शंका आली नाही. पाणी मुरलं की तिचा लोण्याचा गोळा होतो.

आकड्यांत सांगतो. दोन उभ्या पाईपांमधलं अंतर 2 मीटर, परांचीची रुंदी 1.2 मीटर. माणसं, घमेली आणि मसाला मिळून चौरस मीटरला 200 किलो धरले, तर आतल्या आणि बाहेरच्या पाईपांत निम्मा-निम्मा वाटून एका मजल्याचे एका पाईपावर 240 किलो येतात. दोन मजल्यांवर एकाच वेळी काम चालू आहे, म्हणजे 480. पाईप, क्लँप आणि फळ्यांचं वजन धरून एकूण सुमारे 650 किलो. 15 सेंटिमीटर चौकोनी बेस प्लेटखाली याचा दाब चौरस सेंटिमीटरला जवळपास 2.9 किलो होतो. भिजलेल्या काळ्या भरावावर मी अर्ध्या किलोपेक्षा जास्त धरणार नाही. म्हणजे नुसती प्लेटही पुरत नाही, मग विटेच्या तुकड्याचं काय? प्लेटखाली आतल्या-बाहेरच्या दोन्ही पाईपांना मिळून एक जाड, रुंद फळी हवी. 22 सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब फळी घातली की दाब अर्ध्या किलोच्या आत येतो.

एक पाईप खचला की त्याचा भार शेजारच्या पाईपांवर जातो. अशा वेळी परांचीला भिंतीशी धरून ठेवतात ते बांध. गिलाव्याच्या आड येतात म्हणून दुसऱ्या मजल्यावरचे बांध कापून टाकलेत, ते परत कुणी घातले नाहीत. बारीक, उंच पाईपाला धरणाऱ्या दोन जागांमधलं अंतर दुप्पट झालं, की वाकण्यापूर्वी तो पेलू शकेल असा भार चौथाईवर येतो. त्यात बाहेरून हिरवी जाळी लावली आहे, ती वारा धरते. तिथला एक क्लँप मी हातानं फिरवून पाहिला, तो सहज फिरला.

आता क्रम महत्त्वाचा आहे. वर माणसं असताना रुतलेल्या पाईपाखाली पाचर ठोकायची नाही. तसं करताना सगळा ताण ढिल्या क्लँपवर येतो आणि परांची तिथूनच सुटू शकते. आधी माणसं उतरवा, मग खालचा रस्ता दोरीनं नव्हे, पत्रे लावून बंद करा. रुग्णांचे नातेवाईक तिथंच सावलीला बसतात. जाळी सोडवा. चांगल्या बाजूनं सुरुवात करून, आधाराची शिडी लावून बांध परत घाला: उंचीत दर 4 मीटरला, लांबीत दर 6 मीटरला. त्यानंतर एकेका पाईपाचा भार शेजारी घेऊन खालचा चिखल काढा, मुरूम भरून धुम्मस करा, फळी आणि प्लेट बसवा. पाणी साचू नये म्हणून बाहेरच्या बाजूला चर काढा. शेवटी ओळंबा लावून प्रत्येक उभा पाईप तपासा आणि क्लँप पान्यानं आवळा.

कोपऱ्यातला भाग मात्र सुधारण्यासारखा नाही. तो वरून खाली उतरवून नव्यानं बांधावा लागेल.

गुत्तेदाराची अडचण मला माहीत आहे. हे दिवस त्याच्या मुदतीतून कापले, तर तो घाईत दोन विटा सरकवून मोकळा होईल, मुकादमही गप्प राहील. म्हणून मुदतवाढ आदेशातच लिहून द्यावी. आतल्या खोल्यांतला गिलावा आणि फरशी चालू ठेवता येईल, म्हणजे मजुरांचा रोजही बुडणार नाही.

काम थांबवण्याचा अधिकार आपला आहे, माझा नाही. दुरुस्ती झाली की त्याच दिवशी येऊन तपासणी करतो आणि ठीक असेल तर लेखी देतो. त्यानंतर आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर, माणसं चढण्याआधी तपासणी व्हावी, तिची नोंद साईटच्या वहीत राहावी.

आपला विश्वासू,
कामाचा संरचना सल्लागार